‘खूप काही शिकलो’ म्हणजे नेमकं काय?

इंटर्नशिप संपली की विद्यार्थी एक पोस्ट लिहितो. प्रमाणपत्राचा फोटो, टीमसोबतचा एक फोटो आणि खाली चार-पाच ओळी: ‘आज माझी इंटर्नशिप यशस्वीपणे पूर्ण झाली. या काळात खूप काही शिकायला मिळालं. टीमवर्क, वेळेचं नियोजन आणि संवादकौशल्य वाढलं. मार्गदर्शन करणाऱ्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.’

असं लिहिणारा विद्यार्थी खोटं बोलत नसतो. त्याने आठवडेच्या आठवडे काम केलेलं असतं, चुका केलेल्या असतात, त्या कोणीतरी सुधारून दिलेल्या असतात. तरीही त्याची पोस्ट वाचून झाल्यावर तो काय शिकला हे आपल्याला सांगता येत नाही. संस्थेच्या नावावर बोट ठेवून वाचलं, तर हीच पोस्ट बँकेतल्या, कारखान्यातल्या, रुग्णालयातल्या किंवा शेतावरच्या कोणत्याही इंटर्नशिपला चालते. इतकं खरं काम झालेलं असताना लिहिताना ते जातं कुठे? बुलढाणा जिल्ह्यातल्या एका नेहमीच्या इंटर्नशिपचं उदाहरण घेऊन हे कोडं उलगडता येतं.

वीस आठवड्यांचं ‘रावे’

बुलढाणा जिल्ह्यातल्या गावांना कृषिकन्या आणि कृषिदूत नवे नाहीत. कृषी पदवीच्या सातव्या सत्रात हे विद्यार्थी गावात येतात. त्यांच्या या अभ्यासक्रमाचं नाव ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’. कॉलेजात सगळे त्याला ‘रावे’ म्हणतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचे विद्यार्थी विदर्भभर असे गावोगाव जातात. 25 जुलै 2015 रोजी देशपातळीवर ‘स्टुडंट रेडी’ हा कार्यक्रम सुरू झाला, त्यातही रावेचा समावेश आहे.

पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यानुसार रावे आणि त्याला जोडलेला कृषी-उद्योगातला अनुभव मिळून 20 आठवडे होतात. पहिला आठवडा कॉलेजातच तयारीचा. त्यानंतर आठ आठवडे गावात, एखाद्या यजमान शेतकऱ्याच्या शेतीशी जोडून. पुढे पाच आठवडे कृषी विज्ञान केंद्र, संशोधन केंद्र किंवा विद्यापीठाच्या विभागात, दोन आठवडे पिकांच्या रोग-किडींचं निदान करणाऱ्या दवाखान्यात आणि तीन आठवडे शेतीशी संबंधित उद्योगात. शेवटचा आठवडा अहवाल आणि सादरीकरणाचा.

म्हणजे पाच महिन्यांच्या आसपास काम. एवढ्या काळात विद्यार्थ्याच्या हातून माती परीक्षणासाठी नमुने घेतले जातात, बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिकं होतात, कामगंध सापळे लावले जातात, गावाचा नकाशा काढला जातो. आणि शेवटच्या पोस्टमध्ये उरतं ते ‘शेतकऱ्यांच्या समस्या जवळून समजून घेता आल्या’ हे वाक्य.

शिकलेलं नजरेआड का होतं?

याची तीन कारणं दिसतात आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं कारण कौशल्याच्या स्वभावातच आहे. एखादी गोष्ट नीट जमायला लागली की तिच्यातल्या पायऱ्या डोक्यातून पुसट होतात. पहिल्या दिवशी मातीचा नमुना घेताना विद्यार्थी प्रत्येक हालचालीचा विचार करतो: बांधाजवळची माती नको, झाडाखालची नको, शेणखताचा ढीग पडलेली जागा नको. विसाव्या नमुन्याला हे सगळं हाताने आपोआप होतं. मायकेल पोलॅनी या विचारवंताने 1966 च्या एका पुस्तकात हीच गोष्ट मांडली: माणसाला जितकं येतं, त्यातलं बरंचसं त्याला शब्दांत सांगता येत नाही. त्यामुळे शेवटच्या दिवशी ‘काय शिकलास?’ असं विचारलं की जे सर्वांत पक्कं शिकून झालेलं असतं तेच आठवत नाही. जे आठवतं ते मोघम असतं.

दुसरं कारण अनुकरण. पोस्ट लिहायला बसलेला विद्यार्थी आधी सीनियरची पोस्ट उघडतो. सीनियरने त्याच्या सीनियरची उघडलेली असते. प्रत्येक वेळी त्या त्या विद्यार्थ्याचा खास तपशील गळतो आणि सगळ्यांना लागू पडणारे शब्द टिकतात. टीमवर्क, नेतृत्व, संवाद हे शब्द असे टिकलेले आहेत.

तिसरं कारण अगदी साधं आहे. शिकण्याचा क्षण त्याच दिवशी लिहून ठेवलेला नसतो. रावेच्या विद्यार्थ्याला दैनंदिनी ठेवावीच लागते. पण तिच्यातही बहुधा ‘आज बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक घेतलं’ एवढीच नोंद असते. काय केलं हे त्यात येतं, काय कळलं हे येत नाही.

शेगावची कचोरी खाऊन ‘झकास होती’ असं कोणीही सांगेल. तेल किती तापू द्यायचं आणि कचोरी कधी उलटायची हे मात्र ती तळणाराच सांगू शकतो. इंटर्नशिपची पोस्ट वाचणाऱ्याला हेच ओळखायचं असतं: लिहिणारा कामाच्या जवळून गेला होता, की त्याने ते काम स्वतःच्या हाताने केलं होतं?

उदाहरण: शंभर दाणे आणि एक गोणपाट

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, घाटावरच्या चिखली तालुक्यातल्या एका गावात एक कृषिकन्या पेरणीच्या आधी पोचली आहे. यजमान शेतकऱ्याकडे मागच्या हंगामातलं घरचं सोयाबीन बियाण्यासाठी राखून ठेवलेलं आहे. ते पेरावं की विकत आणावं, हा प्रश्न. इथे तिने केलेलं काम म्हणजे उगवणशक्तीची चाचणी. तिची पोस्ट मोघम असेल तर या कामाचं वाक्य असं होईल: ‘बियाण्याच्या उगवणशक्तीबद्दल माहिती मिळाली.’ प्रत्यक्षात तिला काय काय कळलं ते बघा.

चाचणीची रीत सोपी आहे. पोत्यातल्या बियाण्याचा नमुना वरून एक मूठ काढून घ्यायचा नाही. वेगवेगळ्या पोत्यांतून आणि पोत्याच्या वर, मध्ये, खाली अशा ठिकाणांहून घ्यायचा. त्यातले शंभर दाणे न निवडता मोजायचे. न निवडता हे महत्त्वाचं, कारण हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरं ओलं गोणपाट पसरायचं, हलकेच गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. गोणपाट ओलसर राहील इतपतच पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उघडून मोजायचं.

मोजतानाच पहिला धडा मिळतो. नवख्या माणसाला वाटतं, कोंब फुटला की दाणा उगवला. पण ज्या रोपाला नीट मूळ आहे, खोड आहे आणि दोन्ही डाळिंब्या शाबूत आहेत, तेच शेतात उभं राहील अशी आशा असते. मूळ तुटलेलं, वाकडंतिकडं झालेलं किंवा कुजायला लागलेलं रोप मोजायचं नसतं. नुसते कोंब मोजले तर आकडा फुगतो आणि शेतकऱ्याच्या शेतात तुटाळी पडते, म्हणजे ओळीत जागोजागी रोपं गायब होतात.

दुसरा धडा एका चाचणीवर विश्वास न ठेवण्याचा. बियाण्याची खरी उगवण 63 टक्के असली तरी शंभर दाण्यांच्या एका गुंडाळीत कधी 55, तर कधी 70 दाणे उगवलेले दिसू शकतात. दोष कोणाचाच नसतो. कोणते शंभर दाणे हातात आले, एवढाच तो योगायोग. म्हणून बीज परीक्षण प्रयोगशाळेत शंभर-शंभरच्या चार गुंडाळ्यांचा, म्हणजे चारशे दाण्यांचा हिशोब धरतात. आपल्या कृषिकन्येने चार गुंडाळ्या केल्या आणि तिला 62, 66, 59 आणि 65 असे आकडे मिळाले असं धरू. बेरीज 252, सरासरी 63.

तिसरा धडा त्या सरासरीचं काय करायचं हा. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान 70 टक्के असावी लागते आणि तेवढी उगवण धरून एकरी 30 किलो बियाण्याची शिफारस आहे. उगवण कमी असेल तर त्या प्रमाणात बियाणं वाढवायचं. 30 ला 70 ने गुणायचं आणि आलेल्या उत्तराला आपल्या टक्केवारीने भागायचं. 63 टक्क्यांना उत्तर येतं एकरी साधारण 33 किलो 300 ग्रॅम. म्हणजे एकरी सव्वातीन किलोच्या आसपास जास्त बियाणं टाकलं की रोपांची संख्या सांभाळता येते.

चौथा धडा या गणिताच्या मर्यादेचा, आणि तो शेतकऱ्याकडून मिळतो. गोणपाटात दाण्याला हवा तेवढाच ओलावा आणि सावली मिळते. शेतात तसं नसतं. पेरणी खोल गेली, नंतर जोराचा पाऊस होऊन वर पापुद्रा धरला, किंवा पुरेशी ओल नसताना घाईने पेरलं, तर चांगलं बियाणंही दगा देतं. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरावं आणि दाणा तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये, अशी शिफारस आहे. शिवाय उगवण फारच खाली आली असेल तर नुसतं बियाणं वाढवून भागत नाही. जे दाणे उगवतात तेही अशा वेळी अशक्त असतात.

मुळात घरच्या बियाण्याची उगवण घटली का, या प्रश्नाचं उत्तरही याच कामात दडलेलं असतं. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं आणि अंकुर त्या सालाच्या अगदी लगत असतो. मळणी यंत्राचा वेग जास्त असला, पोती उंचावरून आपटली किंवा एकावर एक उंच थप्पी मारली, तर बाहेरून अखंड दिसणाऱ्या दाण्यालाही आतून मार लागतो. पुढच्या वर्षी बियाणं चांगलं हवं असेल तर काळजी पेरणीच्या आदल्या दिवशी घेऊन चालत नाही. आदल्या मळणीपासून घ्यावी लागते.

एका गोणपाटातून एवढं निघालं. ‘माहिती मिळाली’ या दोन शब्दांत त्यातलं काहीच येत नाही.

दैनंदिनीला विचारायचे तीन प्रश्न

एवढा सगळा तपशील पोस्टमध्ये लिहायचा नसतो. त्यातलं एक-दोन निवडायचं असतं. निवड सोपी व्हावी म्हणून दैनंदिनी समोर ठेवून प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारावेत.

मी कुठे अडलो? कोणी आणि कसं सोडवलं? त्यानंतर मी काय वेगळं करू लागलो?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर असेल, तर तिथे शिकणं झालं आहे असं समजावं. आपल्या उदाहरणात कृषिकन्या आधी प्रत्येक कोंब मोजत होती; नंतर ती सशक्त रोपंच मोजू लागली. आधी एका गुंडाळीवर थांबत होती. नंतर चार करू लागली. हा बदल कोणालाही पडताळून पाहता येतो. मुलाखतीत कोणी विचारलं, ‘चारच का?’ तर तिच्याकडे उत्तर आहे. ‘संवादकौशल्य वाढलं’ असं लिहिलेल्याला ‘म्हणजे काय?’ असं विचारलं, तर बहुतेक वेळा तो गडबडतो.

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते काम झालं, पण त्यातून शिकणं झालं नाही. असं काम पोस्टमध्ये एका ओळीत उरकावं, किंवा घेऊच नये.

यात जागेचा उल्लेखही मोलाचा असतो. बुलढाण्यात घाटावर आणि घाटाखाली हे दोन वेगळे मुलूख आहेत. चिखली, मेहकरकडच्या गावात माती परीक्षण शिकलेला विद्यार्थी आणि घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात तेच शिकलेला विद्यार्थी यांच्यासमोरचे प्रश्न सारखे नसतात. खारपाणपट्ट्यात भूगर्भातलं पाणीच खारं असल्याने ते पाणी दिल्यावर जमिनीचं काय होतं हा पहिला प्रश्न असतो, आणि मातीच्या अहवालात क्षारांचे आकडे आधी पाहावे लागतात. ‘माती परीक्षण शिकलो’ याच्या जागी ‘खारपाणपट्ट्यातल्या गावात माती परीक्षणाचा अहवाल वाचायला शिकलो’ असं लिहिलं की जाणत्या वाचकाला कामाचं वजन लगेच कळतं.

हेच दुसऱ्या शाखांनाही लागू पडतं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही प्रत्यक्ष कामावर जाऊन प्रशिक्षण घ्यावं लागतं. कर सल्लागाराच्या कार्यालयात बसलेला विद्यार्थी ‘जीएसटीचं ज्ञान मिळालं’ असं लिहितो. त्याने केलेलं काम मात्र खरेदी नोंदवही आणि जीएसटी पोर्टलवरचं ‘जीएसटीआर-टू-बी’ हे विवरण जुळवण्याचं असतं. बिलाच्या क्रमांकात एक तिरपी रेघ कमी-जास्त झाली की तेच बिल दोन्हीकडे असूनही जुळत नाही. हे त्याने पकडलं असेल तर लिहायची गोष्ट तीच आहे.

आभार: नावांची यादी की उपकाराची नोंद?

आता पोस्टचा दुसरा अर्धा भाग. आभाराची रीत आपल्याकडे ठरलेली आहे: प्राचार्य, विभागप्रमुख, कार्यक्रम समन्वयक, कार्यक्रम अधिकारी, मग ‘आणि सर्व ग्रामस्थ’. अहवालाच्या पहिल्या पानावर पदांच्या उतरंडीने आभार मानणं योग्यच आहे. ती कार्यालयीन शिस्त आहे. पोस्ट मात्र वेगळ्या कामाची असते. तिथे ही उतरंड पाळली की ज्यांच्यामुळे खरं शिकणं झालं ते लोक शेवटच्या तीन शब्दांत जाऊन बसतात.

सोयाबीनच्या उदाहरणात कोणी काय दिलं? यजमान शेतकऱ्याने बियाणं दिलं, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या हंगामाचा निर्णय एका विद्यार्थिनीच्या चाचणीवर काही दिवस थांबवला. कृषी विज्ञान केंद्रातल्या विषय विशेषज्ञांनी नुसता कोंब आणि सशक्त रोप यांतला फरक दाखवला. गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांना एकत्र बोलावलं. गटातल्या मैत्रिणीने तिच्या गुंडाळ्या पुन्हा स्वतंत्रपणे मोजल्या आणि आकडे ताडून पाहिले.

यातून एक नियम निघतो: आभार आणि शिकलेली गोष्ट एकाच वाक्यात यावीत. ‘काकांचे आभार’ आणि ‘मी पेरणीबद्दल शिकले’ ही दोन वेगळी वाक्यं दोन्हीकडे कमजोर राहतात. ‘चाचणीत 63 टक्के आले म्हणून मी लगेच बियाण्याचा हिशोब मांडला, तेव्हा काकांनी आधी जमिनीतली ओल बघायला शिकवलं’ या एका वाक्यात आभार आहेत, शिकणं आहे आणि ते कुठून आलं हेही आहे. ज्याचे आभार मानले त्यालाही कळतं की आपण केलेलं या मुलीच्या लक्षात राहिलं. औपचारिक यादीतून ही पोच मिळत नाही.

याचा आणखी एक उपयोग आहे. जे शिकलं ते कोणाकडून शिकलं हे लिहिताना मोघम शब्द टिकत नाहीत. ‘नेतृत्वगुण कोणाकडून शिकलो?’ याचं उत्तर शोधायला गेलं की एखादा खरा प्रसंग सापडतो, किंवा तो शब्द खोडावा लागतो. दोन्हींत पोस्टचा फायदाच आहे.

दोन्ही जोडून तयार झालेली पोस्ट

वरच्या उदाहरणातली कृषिकन्या आता अशी पोस्ट लिहू शकेल:

‘चिखली तालुक्यातल्या एका गावात माझं रावेचं गावमुक्कामाचं काम या आठवड्यात पूर्ण झालं. सर्वांत जास्त शिकवलं ते सोयाबीनच्या उगवणशक्ती चाचणीने. सुरुवातीला मी फुटलेला प्रत्येक कोंब मोजत होते. कृषी विज्ञान केंद्रातल्या सरांनी मूळ, खोड आणि डाळिंब्या शाबूत असलेलं रोपच मोजायला लावलं, तेव्हा माझा आकडा खाली आला. चार चाचण्यांची सरासरी 63 टक्के आली आणि आमच्या यजमान काकांसाठी एकरी 33 किलोच्या वर बियाण्याचा हिशोब मांडला. त्यांनी मात्र मला आधी शेतातली ओल तपासायला नेलं. पावसाचा आकडा आणि जमिनीतली ओल दोन्ही पाहूनच पेरायचं, हे मी त्यांच्या बांधावर शिकले. माझ्या गुंडाळ्या स्वतंत्रपणे पुन्हा मोजणाऱ्या माझ्या गटातल्या मैत्रिणीचे आभार. तिच्यामुळे एक गुंडाळी मी चुकीची मोजल्याचं कळलं. पीक काढणीला येईपर्यंत आम्ही गावात नसू, त्यामुळे उत्पन्नाबद्दल मी काही सांगू शकत नाही. ही चाचणी मात्र आता कोणत्याही गावात मी स्वतः घेऊ शकते आणि शिकवू शकते.’

ही पोस्ट फार लांब नाही. तिच्यात एकही मोठा शब्द नाही. तरीही वाचणाऱ्याला चार गोष्टी कळतात: ही मुलगी कुठे होती, तिने काय केलं, कोणाकडून काय घेतलं आणि आता तिला स्वतःच्या बळावर काय येतं. प्रामाणिकपणाही तिच्यात आपोआप आला आहे. आपला आकडा खाली आला, एक गुंडाळी चुकीची मोजली, हे तिने लपवलेलं नाही. अशी कबुली वाचली की बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

कुठे चुकतं, आणि ते कसं ओळखावं

पहिली चूक श्रेयाची. ‘माझ्या मार्गदर्शनामुळे शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढलं’ असं वाक्य रावेच्या पोस्टमध्ये असेल तर तारखा पाहाव्यात. विद्यार्थी गावात आठ आठवडे असतो. सोयाबीन पेरणीपासून काढणीपर्यंत साधारण तीन ते साडेतीन महिने घेतं. पेरणीला आलेल्या विद्यार्थ्याने काढणी पाहिलेलीच नसते. त्याला सांगता येतं ते एवढंच: चाचणी किती शेतकऱ्यांनी पाहिली आणि त्यांतल्या कोणी ती स्वतः करून बघितली. तो आकडा लहान असला तरी खरा असतो आणि पुरेसा असतो.

दुसरी चूक ‘आम्ही’ आणि ‘मी’ यांच्या सरमिसळीची. रावेचं काम गटाने होतं. ‘आम्ही गावाचा नकाशा काढला’ हे खरं असलं तरी त्यात तुम्ही मोजमाप घेतलं, लोकांशी बोललात की चित्र रंगवलं हे कळत नाही. गटाचं काम ‘आम्ही’ने सांगावं आणि त्यातला आपला वाटा लगेच ‘मी’ने सांगावा.

तिसरी चूक दुसऱ्याच्या माहितीची. शेतकऱ्याचं नाव, चेहरा, मोबाइल क्रमांक, सातबारा, पीककर्जाची किंवा नुकसानीची माहिती विद्यार्थ्याच्या वहीत कामासाठी आलेली असते, पोस्टसाठी नाही. फोटो टाकण्याआधी त्यांना फोटो दाखवून विचारावं. ‘बियाण्याची उगवण 63 टक्केच निघाली’ ही गोष्टसुद्धा शेतकऱ्याच्या नावाने लिहिली तर गावात त्यांच्या बियाण्याची चर्चा होऊ शकते. म्हणून वरच्या पोस्टमध्ये ‘आमचे यजमान काका’ एवढंच आहे. कंपनीत इंटर्नशिप केलेल्याने ग्राहकांची नावं, दर, आतल्या फाइली आणि स्क्रीनचे फोटो यांबाबत हीच काळजी घ्यावी.

चौथी चूक शेवटच्या रात्री लिहिण्याची. वीस आठवड्यांनंतर आठवणीतून लिहिलेली पोस्ट मोघम होणारच, कारण आठवणीत निष्कर्ष टिकतात आणि पायऱ्या गळतात. आठवड्यातून एकदा ‘कुठे अडलो, कोणी सोडवलं, काय बदललं’ या तीन ओळी लिहून ठेवल्या, तर पोस्ट जवळजवळ तयारच असते. शेवटी फक्त निवडायचं उरतं.

थोडक्यात

• संस्थेचं नाव झाकून पोस्ट वाचा. ती दुसऱ्या कोणत्याही कामाला लागू पडत असेल तर पुन्हा लिहा.
• शिकलेल्या फार तर दोन गोष्टी घ्या; प्रत्येकीत आधी काय करत होतो आणि आता काय करतो हे सांगा.
• प्रत्येक शिकलेल्या गोष्टीच्याच वाक्यात ती शिकवणाऱ्याचे आभार माना.
• एखादा आकडा, एखादी जागा आणि एखादी मर्यादा असू द्या. जे पाहिलं नाही त्याचा दावा करू नका.
• फोटो आणि नावं विचारूनच. दुसऱ्याची खाजगी माहिती पोस्टमध्ये नको.

ही पोस्ट पुढच्या वर्षीचा कृषिदूतही वाचणार आहे. ‘खूप काही शिकलो’ या वाक्यातून त्याच्या हाती काही लागत नाही. शंभर दाणे कसे मोजायचे हे तुम्ही लिहिलंत, तर तो गावात शिरण्याआधीच एक गोष्ट शिकलेला असेल. म्हणून इंटर्नशिप करत असाल तर या आठवड्याच्या तीन ओळी आजच लिहा, आणि ज्यांनी तुम्हाला काही शिकवलं त्यांना ती पोस्ट स्वतः नेऊन दाखवा किंवा वाचून दाखवा.